थंडीत ३० टक्क्यांवर बंद, उन्हात ८० वर अडकलेला: फोनच्या बॅटरीचं नक्की चाललंय काय?

मे महिना आला की विदर्भातून एक तक्रार हमखास ऐकू येते. चार्जर लावलाय, केबल नीट आहे, बटण चालू आहे, तरी फोन ८० टक्क्यांच्या पुढे सरकत नाही, किंवा त्याहून विचित्र म्हणजे चार्जिंगची खूण दिसतेय आणि टक्के उलटे कमी होतायत. आणि डिसेंबर-जानेवारीत केदारकंठाला नाहीतर लेहला जाऊन आलेली मंडळी सांगतात की वर पोचल्यावर फोटोसाठी फोन काढला, ३० टक्के होते, कॅमेरा उघडला आणि फोन बंदच पडला. खाली मुक्कामावर येऊन चार्जरला लावला तर लगेच २७-२८ टक्के दाखवले. मग घरी आल्यावर सगळे एकच म्हणतात, बॅटरी गेली, बदलून घे.

मला वाटतं यात लोक चुकीच्या ठिकाणी घाबरतात. थंडीत आकडा वाट्टेल तशा उड्या मारतो, पण फोन नुसता वापरला तर बॅटरीचं सहसा काही बिघडत नाही. उन्हात आकडा बराच नीट वागतो आणि आत बॅटरी मात्र कायमची झिजत असते. असं का होतं ते समजलं की काय करायचं हे वेगळं सांगावं लागत नाही, म्हणून आधी तो टक्क्याचा आकडा येतो कुठून ते बघू.

## टक्के मोजलेले नसतात, तो अंदाज असतो

पेट्रोलच्या टाकीत तरंगणारा काटा असतो तसं बॅटरीत काही नसतं. आत किती चार्ज उरलाय हे थेट बघायची सोय फोनकडे नाहीच. आपल्याकडे घरात गॅस सिलिंडर असतो ना, तो किती उरलाय हे आपण दोन गोष्टींवरून ठरवतो, एक म्हणजे लावून किती दिवस झाले आणि रोज किती वापरतो हा हिशेब, आणि दुसरं म्हणजे शेगडीची ज्योत कशी येतेय. फोनमधली एक छोटी चिप अगदी हेच करते. बॅटरीत किती करंट गेला आणि किती बाहेर आला याची ती सतत बेरीज-वजाबाकी ठेवते, हा झाला दिवसांचा हिशेब. आणि बॅटरीचं व्होल्टेज, म्हणजे करंट बाहेर ढकलायचा जोर, किती आहे ते बघते, ही झाली ज्योत. पूर्ण भरलेल्या बॅटरीचं व्होल्टेज साधारण ४.२ ते ४.४५ असतं आणि ते ३.३ च्या आसपास आलं की फोन स्वतःला बंद करतो.

आता कडाक्याच्या थंडीत सिलिंडर बाहेर ठेवला तर आत गॅस असूनही ज्योत बारीक होते, कारण दाब पडतो. कोणी ज्योत बघून म्हणेल संपला, पण संपलेला नसतो, दुपारी ऊब आली की तोच सिलिंडर पुन्हा नीट चालतो. बॅटरीचंही असंच आहे, फक्त इथे दाब पडत नाही, वाट अडते. ती कशी, ते आकडे घेऊन बघू.

## ३० टक्के असताना फोन बंद का पडला

फोनची बॅटरी लिथियम-आयन प्रकारची असते. त्यात एका बाजूला ग्रॅफाइटचे थर, दुसऱ्या बाजूला लिथियम-कोबाल्टसारख्या धातूंचं ऑक्साइड, आणि मधे एक द्रव, त्याला इलेक्ट्रोलाइट म्हणतात. फोन वापरताना लिथियमचे भारित कण, म्हणजे आयन, ग्रॅफाइटमधून निघून त्या द्रवातून पलीकडे जातात, आणि चार्ज करताना परत ग्रॅफाइटमध्ये येऊन बसतात. थंडीत हा द्रव घट्टसर होतो, ग्रॅफाइटमधून निघणं-बसणंही मंदावतं, म्हणजे प्रवास सगळाच अवघड होतो. प्रवासातल्या या अडथळ्याला आतला रेझिस्टन्स म्हणू.

समजा पाच हजार एमएएच बॅटरीचा फोन आहे, ३० टक्के उरलेत. नुसता पडून असताना तिचं व्होल्टेज समजा ३.७५ आहे. कॅमेरा उघडला, स्क्रीन पूर्ण उजेडात, डोंगरावर रेंज कमी म्हणून फोन टॉवर शोधायला जास्त जोर लावतोय, असं सगळं मिळून क्षणभर दीड अँपिअर करंट लागला. नेहमीच्या हवेत आतला रेझिस्टन्स ०.१ ओहम धरला तर दीड गुणिले ०.१, म्हणजे ०.१५ व्होल्टचा खड्डा पडतो. ३.७५ चे ३.६० झाले, फोनला पत्ताही लागत नाही. आता तीच बॅटरी उणे १० अंशाला गार पडलीये, रेझिस्टन्स चौपट होऊन ०.४ झालाय असं धरू. दीड गुणिले ०.४, म्हणजे ०.६ व्होल्टचा खड्डा, आणि ३.७५ चे उरले ३.१५. ही फोनची बंद होण्याची रेषा ओलांडली, त्यामुळे ३० टक्के माल आत असूनही फोन बंद. हे आकडे उदाहरणासाठी घेतलेत, प्रत्येक फोनचे वेगळे असतील, पण घडतं ते नेमकं हेच.

फोन बंद झाला की करंट थांबतो आणि करंट थांबला की खड्डाही भरून येतो. मग तो जाकिटाच्या आत गरम झाला, तुम्ही चार्जरला लावलात, चिपने पुन्हा व्होल्टेज बघितलं आणि २८ टक्के दाखवले. दोन टक्के खरंच वापरले गेले होते, बाकीचे कुठे गेलेच नव्हते. कधीकधी मात्र बंद व्हायच्या आधी आकडा ३० वरून १२, मग ४ असा कोसळतो, कारण चिपला पडलेलं व्होल्टेज दिसतं आणि ती घाईघाईने आपला हिशेब खाली आणते. बहुतेक फोन चार्जर लावल्याशिवाय किंवा रीस्टार्ट केल्याशिवाय आकडा पुन्हा वर नेत नाहीत, म्हणून फोन ऊबेत आल्यावरही तो खालचाच आकडा बघत बसावं लागतं आणि वाटतं चार्ज उडाला.

बॅटरी जुनी असेल तर तिचा रेझिस्टन्स मुळातच वाढलेला असतो, त्यामुळे हे सगळं कमी थंडीतसुद्धा होतं. ॲपलने डिसेंबर २०१७ मध्ये जाहीर कबूल केलं होतं की जुन्या आयफोनचा वेग सॉफ्टवेअरने कमी केला जातो, आणि त्याचं कारण हेच दिलं होतं, की बॅटरी गार असताना, कमी चार्ज असताना किंवा जुनी झाल्यावर अचानक लागणारा मोठा करंट देऊ शकत नाही आणि फोन बंद पडतो. लोक चिडले ते न सांगता केलं म्हणून, आणि ते बरोबरच होतं, पण त्यामागचं कारण खरं होतं.

## मग थंडीत बॅटरीला धोका नाहीच का? आहे, चार्ज करताना

इथे मात्र खरंच जपायला पाहिजे. चार्ज करताना लिथियमच्या कणांना ग्रॅफाइटच्या थरांमध्ये शिरायचं असतं. गारठ्यात ते शिरणं फार हळू होतं, पण चार्जर तर मागून ढकलतोच आहे, मग आत जागा मिळायच्या आधीच कण ग्रॅफाइटच्या पृष्ठभागावर धातू बनून चिकटतात. याला प्लेटिंग म्हणतात, मुलामाच समजा. यातलं थोडं लिथियम नंतर परत कामाला लागतं, बरचसं मात्र कायमचं वाया जातं, म्हणजे तेवढी बॅटरीची क्षमता गेली. शिवाय हा धातू सुईसारखा वाढत गेला तर आतल्या आत शॉर्ट व्हायची भीती.

म्हणून शून्य अंशाच्या खाली लिथियम-आयन बॅटरी चार्ज करायची नाही असा नियम आहे. वापरायला साधारण उणे २० पर्यंत चालते, चार्ज करायला शून्याच्या वर पाहिजे, या दोन मर्यादा वेगळ्या आहेत हे बऱ्याच जणांना माहीतच नसतं. चांगल्या फोनमध्ये बॅटरीला चिकटवलेला तापमानाचा सेन्सर असतो आणि तो गार लागला की फोन चार्जिंग घेतच नाही किंवा अगदी हळू घेतो. तेव्हा केबलला नावं ठेवू नका, फोन बरोबर वागतोय.

यात एक गोष्ट लक्षात ठेवा, प्रश्न हवेच्या तापमानाचा नाही, बॅटरीच्या तापमानाचा आहे. टोरांटोला किंवा मिनेसोटात राहणारे आपले लोक बाहेर उणे १५ मधून घरात येतात, हीटरमुळे खोली २१ अंशाला असते, आल्या आल्या फोन चार्जरला. खोली गरम असली तरी फोन अजून गारच आहे. अर्धा तास टेबलावर पडू द्या, मग लावा. बाहेरून आल्यावर फोनवर दव धरतं तेही तोपर्यंत सुकतं. ट्रेकवर असाल तर फोन दिवसभर आतल्या खिशात, अंगाजवळ ठेवा, बाहेरच्या खिशात किंवा सॅकच्या वरच्या कप्प्यात नको. पॉवर बँकही तशीच आत ठेवा, कारण तिच्यातही तीच बॅटरी आहे आणि तीही गार पडली की कमी देते. चार्जिंग करायचं तर आधी फोन अंगाच्या ऊबेने गरम होऊ द्या आणि मग तंबूत जागे असताना करा, स्लीपिंग बॅगमध्ये चार्जिंग चालू ठेवून झोपू नका.

## आता उन्हाळा, आणि बाईकच्या हँडलवरचा फोन

नागपूर, अकोला, चंद्रपूरकडे मे महिन्यात ४५ अंश ही काही जगावेगळी गोष्ट नाही. आणि त्या उन्हात सगळ्यात वाईट हाल होतात ते घरोघरी पार्सल पोचवणाऱ्या मुलांच्या फोनचे. दुपारी बारा ते तीन फोन हँडलवर, स्क्रीन वर करून, नकाशा चालू, ब्राइटनेस पूर्ण कारण नाहीतर उन्हात काही दिसत नाही, इंटरनेट चालू, आणि वर बाईकच्या चार्जरची केबल लावलेली.

त्या फोनवर किती उष्णता पडते त्याचा अंदाज करता येतो. भर दुपारचं ऊन एका चौरस मीटरवर साधारण एक हजार वॉट देतं. फोनचा आकार १६ सेंटीमीटर बाय साडेसात धरला तर तो चौरस मीटरचा ०.०१२ इतका भाग झाला, म्हणजे फोनवर जवळजवळ १२ वॉट ऊन पडतंय, आणि काळी स्क्रीन त्यातलं बरचसं पिऊन घेते. फोन स्वतः नकाशा चालवताना खातो तीन-चार वॉट. म्हणजे फोन "वापरून" गरम होतो असं आपण म्हणतो, पण इथे त्याला तापवणारं ऊनच आहे, वापर त्यापुढे किरकोळ. गाडी चालताना वारा लागतो खरा, पण वाराच ४५ अंशाचा असेल तर फोन ४५ च्या खाली येणार कसा?

आणि ४५ हाच तो आकडा आहे जिथून चार्जिंगवर लगाम येतो. २००७ मध्ये जपानच्या इलेक्ट्रॉनिक्स उद्योगांच्या संघटनेने लिथियम-आयन चार्जिंगसाठी तापमानानुसार मर्यादा सुचवल्या, त्याआधी लॅपटॉपच्या बॅटऱ्या पेटल्यामुळे मोठ्या संख्येने परत मागवायला लागल्या होत्या. ढोबळमानाने सांगायचं तर शून्याखाली चार्जिंग नाही, त्याच्या वर थोडं गार असेल तर हळू, मधल्या पट्ट्यात पूर्ण जोरात, ४५ च्या वर करंट किंवा व्होल्टेज कमी, आणि ६० च्या पुढे बंद. प्रत्येक कंपनी आपापल्या रेषा थोड्या अलीकडे-पलीकडे ठेवते, पण साचा तोच.

आता उलटे कमी होणारे टक्के समजतील. थंड खोलीत हाच फोन चार्जरकडून आरामात दहा वॉट घेतो. हँडलवर बॅटरी ४६-४७ ला गेली, फोनने चार्जिंग दोन वॉटवर आणलं, आणि नकाशा व स्क्रीन खातायत चार वॉट. दोन आले, चार गेले, उरलेले दोन बॅटरीतून निघाले, म्हणून केबल लावूनही टक्के उतरतात. ८० वर अडकणंही याच जातीचं आहे. पूर्ण भरलेली बॅटरी उष्णता अजिबात सहन करत नाही म्हणून फोन मुद्दाम वरचे २० टक्के भरायचं टाळतो. आयफोनवर "Charging On Hold" असा संदेश येतो, बऱ्याच अँड्रॉइड फोनवर नुसतं तापमानाचं चिन्ह किंवा काहीच येत नाही. काही अँड्रॉइड फोनवर डायलरमध्ये `*#*#4636#*#*` टाकलं की बॅटरीच्या माहितीत तापमान दिसतं, तिथे ४४-४५ दिसलं तर दोष चार्जरचा नाही.

## "पण टक्के तर नीट दाखवतोय, मग नुकसान कुठे?"

गरम बॅटरीत द्रव पातळ, कण पळतायत, रेझिस्टन्स कमी, व्होल्टेजचा खड्डा लहान. म्हणजे उन्हात बॅटरी त्या दिवसापुरती उलट छान चालते, आकडा कोसळत नाही, फोन अचानक बंद पडत नाही, आणि म्हणूनच कोणाला संशय येत नाही. पण त्याच उष्णतेने आतल्या नको असलेल्या रासायनिक क्रियाही वेगाने होतात. ग्रॅफाइटवर एक पातळ पापुद्रा असतो, तो आवश्यकच असतो, पण उष्णतेत तो जाड होत जातो आणि त्यात लिथियम अडकत जातं. अडकलेलं परत येत नाही.

लिथियम-आयनबद्दल नेहमी दिला जाणारा अंदाज बघा. बॅटरी नुसती वर्षभर ठेवून दिली, वापरली नाही. २५ अंशाला ४० टक्के भरून ठेवली तर ९६ टक्के क्षमता उरते. ४० अंशाला आणि पूर्ण भरून ठेवली तर उरते ६५. बॅटरी तीच, वर्ष तेच, फरक फक्त उष्णतेचा आणि भरलेलं असण्याचा. कोणी ३६५ दिवस फोन ४० अंशाला ठेवत नाही हे मान्य, पण दोन महिने रोज दुपारी १०० टक्के भरून हँडलवर नाहीतर गाडीच्या डॅशबोर्डवर ठेवला तर तो त्याच दिशेने जातोय. बंद गाडीचा डॅशबोर्ड उन्हात ६५-७० अंशांपर्यंत तापू शकतो, तिथे फोन विसरणं सगळ्यात वाईट.

आणि याचं बिल लगेच येत नाही. ते येतं दिवाळीनंतर, जेव्हा वाटतं की "नवीन अपडेटमुळे बॅटरी उतरायला लागली".

## "फोनमध्ये सेफ्टी असतेच ना, मग आपण कशाला बघायचं?"

सेफ्टी असते, पण ती आग लागू नये म्हणून असते, बॅटरी चार वर्षं टिकावी म्हणून नाही. ४४ अंशाला फोन खुशाल चार्ज होत राहतो, झीज मात्र चालूच. आणि चार्जिंग थांबवणं फोनच्या हातात आहे, सावलीत जाऊन बसणं नाही. ॲपल स्वतः सांगतं की फोन शून्य ते ३५ अंश हवेत वापरा. विदर्भाच्या उन्हाळ्यात हे पाळणं घराबाहेर काम करणाऱ्याला शक्यच नाही, त्यामुळे पूर्ण टाळता येत नसेल तर कमी कसं करायचं ते बघावं.

सगळ्यात मोठा फरक सावलीने पडतो, कारण वर बघितलं तसं तापवणारं मुख्य ऊनच आहे. हँडलवर फोनच्या वर छोटं छत मिळतं ते लावा, किंवा फोन खिशात-बॅगेत ठेवून एका कानात रस्ता ऐका, स्क्रीन बंद राहिली की तोही भार गेला. चालत्या गाडीवर उन्हात चार्ज करण्यापेक्षा ऑर्डरची वाट बघत सावलीत थांबाल तेव्हा दहा-पंधरा मिनिटं चार्ज करा, त्यात जास्त भरतं. चार्ज करताना जाड कव्हर काढा. उन्हाळ्यात वायरलेस चार्जिंग शक्यतो नको, त्यात बरीच वीज उष्णता होऊनच जाते. आणि रात्रभर उशीखाली चार्जिंग तर नकोच, पहाटे पंख्याखाली उघड्यावर करा. चार्जिंग ८० वर थांबवायची सेटिंग असेल तर उन्हाळ्यापुरती चालू ठेवा, दिवसभर पुरत नसेल तर मात्र १०० करा, फोन तुमच्या कामासाठी आहे.

## "तापलाय तर फ्रिजमध्ये ठेवू का?"

नको. गार फोन बाहेर काढला की दमट हवेतलं पाणी त्याच्यावर आणि आतही धरतं, मुंबई-कोकणात तर जास्तच. बर्फाची पिशवीही नको. केबल काढा, कव्हर काढा, सावलीत पंख्यासमोर फरशीवर ठेवा, पाच-दहा मिनिटांत उतरतो.

## "आकडा बिघडलाय, शून्य ते शंभर करून सरळ करू का?"

हिवाळ्यातल्या ट्रेकनंतर किंवा उन्हाळ्यानंतर आकडा उगाच उड्या मारत असेल तर एकदा पूर्ण उतरवून, नेहमीच्या तापमानाला, मधे न थांबता शंभरपर्यंत चार्ज केलं की चिपचा हिशेब जुळतो. हे फक्त अंदाज सुधारतं, गेलेली क्षमता परत आणत नाही, म्हणून दर आठवड्याला करू नका. एवढं करूनही साध्या २५-३० अंशाच्या हवेत फोन २० टक्क्यांवर बंद पडत असेल तर ती थंडी नाही, बॅटरीचा रेझिस्टन्स खरंच वाढलाय आणि ती बदलायची वेळ झालीय.

आणि फोनची मागची काच किंवा स्क्रीन कडेने उचलल्यासारखी वाटली, टेबलावर ठेवल्यावर फोन डुगडुगायला लागला, तर आत गॅस होऊन बॅटरी फुगलीय. मग टक्के किती का दाखवेना, तो फोन चार्जरला लावू नका, दाबून बसवायचा प्रयत्न करू नका, बंद करा आणि सर्व्हिस सेंटरला न्या.